मथळ्याचा फोटो आणि आपले भाषांतर

1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला. निकालपत्र 565 पानांचे. पण रसायनी, मोहोपाडा, खोपोली, कर्जत या पट्ट्यातल्या आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप गटांवर त्यातले एकही पान आले नाही. आले ते मथळ्याचे फोटो. बातमी कापलेली, तारीख कापलेली, वर्तमानपत्राचे नाव अर्धे कापलेले, आणि मधे जाड टाइपातली एक इंग्रजी ओळ. खाली प्रश्न: “दादा, याचा अर्थ काय? मराठीत सांगा.”

हा प्रश्न अगदी योग्य आहे. आक्षेप आहे तो त्याला पाच मिनिटांत मिळणाऱ्या उत्तरांना. इंग्रजी मथळा ही इंग्रजी भाषा नव्हे, ती इंग्रजीतली एक वेगळी बोली आहे. तिच्यात क्रियापदे गाळतात, काळ बदलतात, सहा अक्षरांचा शब्द बसत नसेल तर तीन अक्षरांचा घालतात. पानाची रुंदी ठरलेली असते आणि अर्थाला तिच्यात मावावे लागते. जो शब्दाला शब्द लावून तिचे मराठी करतो, तो गाळलेले सगळे स्वतःच्या मनातून भरतो. भीती असेल तर भीतीने भरतो, आनंद असेल तर आनंदाने. आणि मग त्या भरलेल्या अर्थावर आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, एकमेकांशी भांडतो.

त्या दिवशीच्या मथळ्यांचे शब्द वर्तमानपत्रागणिक थोडे मागेपुढे होते, पण साचा एकच होता: “एससी नॉड टू सब-कोटा विदिन एससी, एसटी कोटा”. आम्ही हा साचाच समोर ठेवतो आणि एकेक शब्द उलगडतो.

पहिला शब्द एससी, आणि चौथ्या-पाचव्या शब्दानंतर पुन्हा एससी. एकाच ओळीत तीच दोन अक्षरे दोनदा, आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा. पहिले एससी म्हणजे सुप्रीम कोर्ट, दुसरे म्हणजे शेड्यूल्ड कास्ट. इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्याला हे कळते; तो जागेवरून ओळखतो. क्रियेच्या आधी, ओळीच्या सुरुवातीला किंवा विसर्गचिन्हानंतर अगदी शेवटी येते ते बहुतेक वेळा न्यायालय. ‘कोटा’, ‘ॲक्ट’, ‘स्टुडंट’, ‘सीट’ या शब्दांना चिकटून येते ती आपली जात. पण आपल्या मुलांच्या कानाला ‘एससी’ म्हटले की एकच अर्थ येतो. जातीच्या दाखल्यावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर, वसतिगृहाच्या यादीवर लहानपणापासून तोच वाचलेला असतो. “एससींनी मान्यता दिली” असे वाचून, “आपल्यातल्याच कोणी मान्यता दिली? कोणत्या नेत्याने?” असे विचारणारा मुलगा अडाणी नसतो. त्याने अक्षरे बरोबर वाचली, फक्त त्या बोलीचा जागेचा नियम त्याला कोणी सांगितला नाही. म्हणून पहिली गोष्ट ही, की भाषांतरात ‘एससी’ हे अक्षररूप कधीच ठेवू नये. एकदा ‘सर्वोच्च न्यायालय’ लिहावे, एकदा ‘अनुसूचित जाती’ लिहावे. ओळ लांब होते, होऊ द्या. आपल्याला पानाची रुंदी पाळायची नाही.

दुसरा शब्द ‘नॉड’. शब्दकोशात मान डोलावणे. मथळ्याच्या बोलीत मात्र तो ‘ॲप्रूव्हल’, ‘परमिशन’, ‘क्लिअरन्स’ या लांब शब्दांच्या जागी बसवलेला तीन अक्षरी ठोकळा आहे. मराठी वर्तमानपत्रे त्याचे ‘मंजुरी’ किंवा ‘हिरवा कंदील’ करतात. आता मंजुरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? कोणीतरी प्रस्ताव ठेवला, वरच्याने सही केली, उद्यापासून अंमल. न्यायालयाने तसे काहीही केले नाही. त्याच्यासमोर प्रश्न एवढाच होता की, राज्याने अनुसूचित जातींच्या यादीतल्या काही जातींसाठी त्याच आरक्षणातला वाटा वेगळा ठेवला तर ते घटनेच्या विरोधात जाते काय? 2004 साली ई. व्ही. चिन्नय्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ‘हो, जाते’ असे सांगितले होते. अनुच्छेद 341 खालची यादी हा एकसंध वर्ग आहे, राज्याला तो फोडता येणार नाही, असे म्हणून आंध्र प्रदेशचा अ-ब-क-ड गटांचा कायदा त्यांनी रद्द केला होता. वीस वर्षांनी सात जणांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ते मत उलटवले. म्हणजे एक मनाई उठली. रस्त्यावरचा अडसर काढणे आणि त्या रस्त्याने गाडी नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्याही राज्याने उपवर्गीकरण केलेच पाहिजे असा आदेश बहुमताने दिलेला नाही. जे राज्य करील त्याला आकडेवारीने दाखवावे लागेल की अमुक जातींचे प्रतिनिधित्व खरोखर अपुरे आहे. सगळ्या राखीव जागा एकाच उपगटाला देता येणार नाहीत. आणि केलेली विभागणी पुन्हा न्यायालयात तपासली जाऊ शकते. ‘नॉड’ या तीन अक्षरांत यातले काय दिसते? काहीच नाही.

तिसरी गोष्ट शब्द नाही, चिन्ह आहे. “एससी, एसटी” यातला स्वल्पविराम. मथळ्यात स्वल्पविराम हा ‘आणि’ या शब्दाच्या जागी येतो. तेव्हा वाचणाऱ्याने घेतलेला अर्थ असा: अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती या दोन्हींच्या आरक्षणाचे तुकडे. पण खटला कशाचा होता? पंजाबचा. तिथे 1975 पासून अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकी निम्म्या जागांवर वाल्मीकी आणि मजहबी शीख यांना पहिला प्राधान्यक्रम होता. 2006 साली त्याचा कायदा झाला, पुढे उच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले आणि तोच वाद वर पोचला. खालापूर आणि कर्जत तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वाड्या डोंगराडोंगरांवर आहेत. तिथल्या आदिवासी तरुणाने तो फोटो पाहिला तर त्याला वाटणार की आज आपल्या यादीवर निकाल लागला. वाद होता अनुसूचित जातींच्या यादीचा. एका स्वल्पविरामाने दुसरा समाजही त्यात ओढला गेला.

यावर कोणी म्हणेल, एवढा कीस काढण्यात काय अर्थ? गाभा तर कळला ना. आमचे म्हणणे असे की गाभाच कळला नाही. याचा पुरावा दुसऱ्या मथळ्यात आहे. त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फिरलेला साचा: “क्रीमी लेअर मस्ट फॉर एससी, एसटी: एससी”. या ओळीत तर पहिले एससी जात आहे आणि शेवटचे न्यायालय. क्रियापद नाही. ‘मस्ट’ आहे, म्हणजे सक्तीचा सूर आहे. आणि विसर्गचिन्ह आहे.

हे विसर्गचिन्ह आम्हाला सगळ्यात धोक्याचे वाटते. मथळ्यात त्याचा अर्थ ‘असे म्हणाले’ एवढाच असतो. कोण म्हणाले ते कळते, पण कोणत्या अधिकाराने म्हणाले ते कळत नाही. न्यायालय चार प्रकारे बोलते. निकालाचा बंधनकारक भाग असतो. निकालात जाता जाता मांडलेले मत असते, जे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसते. बहुमताशी असहमत न्यायमूर्तीचे मत असते. आणि सुनावणीच्या वेळी तोंडी केलेली टिप्पणी असते, जी कागदावरच्या आदेशात कधी कधी येतही नाही. चौघांनाही मथळा एकच विसर्गचिन्ह लावतो.

क्रीमी लेअरचे काय झाले ते पाहा. पीठापुढच्या प्रश्नात तो मुद्दा नव्हता. सात न्यायमूर्तींनी मिळून सहा वेगवेगळी निकालपत्रे लिहिली. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी स्वतःसाठी आणि न्या. मनोज मिश्रा यांच्यासाठी लिहिलेल्या मतात क्रीमी लेअर लागू करा असे म्हटलेले नाही. न्या. बेला त्रिवेदी तर उपवर्गीकरणाच्याच विरोधात होत्या. न्या. गवई यांनी अनुसूचित जाती-जमातींमधील क्रीमी लेअर ओळखण्याचे धोरण राज्याने आखावे असे मत मांडले आणि आणखी तीन न्यायमूर्तींनी त्या दिशेने आपली मते दिली. चार मते ही छोटी गोष्ट नाही. उद्याच्या खटल्यात ती वजन टाकतील, म्हणून त्यांच्यावर आज बोलले पाहिजे, त्यांचा प्रतिवाद केला पाहिजे. पण “क्रीमी लेअर लागू झाले” हे भाषांतर खोटे आहे. 9 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जाती-जमातींसाठी क्रीमी लेअरची तरतूद घटनेत नाही अशी भूमिका जाहीर केली. फोटो पाहून “उद्यापासून आपल्या मुलीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागणार” असे समजून धावपळ करणाऱ्या पालकांना ही बातमी ज्यांनी पोचवली, त्यांनी निषेधाच्या दहा पोस्टांपेक्षा जास्त काम केले.

उपवर्गीकरण योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही इथे सोडवत नाही. मातंग समाजातल्या अनेक कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आहे आणि बौद्ध समाजातल्या अनेकांचा त्याला विरोध आहे. दोन्हीकडे बोलणारी माणसे आपलीच आहेत. म्हणूनच तो वाद मथळ्याच्या फोटोवर होऊ नये. एकजण ‘मंजुरी’ वाचून पेढे वाटतो, दुसरा ‘मंजुरी’ वाचून शिव्या देतो, आणि दोघेही ज्यावर भांडतात ते निकालात नाहीच, असे त्या आठवड्यात आपल्या गटांवर घडले.

विसर्गचिन्हाचा आणखी एक नमुना जुना आहे आणि तो अजून फिरतो. 11 जून 2020. वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात तामिळनाडूने सोडलेल्या जागांवर ओबीसींना आरक्षण मिळावे म्हणून तिथले पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले होते. खंडपीठाने सुनावणीत टिप्पणी केली की आरक्षणाचा हक्क हा मूलभूत हक्क नाही, आणि याचिकाकर्त्यांना मद्रास उच्च न्यायालयात जाण्याची मोकळीक दिली. दुसऱ्या दिवशीचा साचा: “कोटा नॉट अ फंडामेंटल राइट: एससी”. त्याचे आपल्याकडचे मराठी झाले, “आरक्षण हा मूलभूत अधिकार नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल”. ‘निकाल’ हा शब्द मूळ ओळीत कुठे होता? तो विसर्गचिन्हाच्या पोकळीत भाषांतर करणाऱ्याने भरला. गंमत पुढे आहे. तीच माणसे मद्रास उच्च न्यायालयात गेली, तिथे लढली, आणि 29 जुलै 2021 रोजी केंद्र सरकारने वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना 27 टक्के आरक्षण जाहीर केले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. मथळ्याने मेलेली मागणी तेरा महिन्यांत जिवंत उभी राहिली, कारण तामिळनाडूतल्या लोकांनी मथळा न वाचता आदेश वाचला होता. तो जून 2020 चा फोटो मात्र तारीख कापून आजही येतो, “आत्ताच आलेली बातमी” म्हणून.

याच ओघात ‘कोटा’ या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. मथळेवाल्यांना ‘रिझर्व्हेशन’ हा लांब शब्द परवडत नाही, म्हणून ‘कोटा’. मराठीत कोटा म्हटले की रेशनच्या दुकानातला साखरेचा कोटा आठवतो, कोणीतरी मापून दिलेला. घटनेच्या अनुच्छेद 16(4) मध्ये भाषा आहे ती राज्याच्या सेवांत पुरेसे प्रतिनिधित्व नसण्याची. भाषांतरात ‘कोटा’ जसाच्या तसा ठेवला की प्रतिनिधित्वाचा प्रश्न वाटपाचा होतो. आम्ही ‘आरक्षण’ लिहितो, आणि जिथे जागा असेल तिथे ‘प्रतिनिधित्व’.

आता न्यायालय सोडून आपल्या गावाकडे येऊ. रसायनी हे नाव ज्या कारखानदारीने रूढ केले, त्यात हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी, आपली एचओसी, आघाडीवर. 1960 साली स्थापन झालेली. पाताळगंगेच्या काठावर कारखाना, मोहोपाड्याला लागून वसाहत. 17 मे 2017 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्याबद्दल निर्णय घेतला. सरकारी प्रसिद्धीपत्रकाच्या शीर्षकात शब्द होता ‘रिस्ट्रक्चरिंग प्लॅन’. मथळ्याच्या बोलीत त्याचे आणखी आखूड रूप होते, ‘रीव्हॅम्प’, आणि पुढे पुन्हा तोच ‘नॉड’. मराठी करायला बसलात तर सरळ होते: “एचओसीच्या पुनर्रचनेला मंत्रिमंडळाची मंजुरी”.

वाचणाऱ्याला काय कळेल? मोडकळीला आलेल्या घराची पुनर्रचना म्हणजे घर पुन्हा उभे राहणार. कारखाना चालू होणार, कदाचित भरती निघणार. आता निर्णयाचा मजकूर. रसायनीतले सगळे न परवडणारे प्रकल्प बंद करायचे. एकच प्रकल्प चालू ठेवायचा, नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा, आणि तोही एचओसीकडे नाही, इस्रोकडे सोपवायचा, कारण ते रसायन इस्रोच्या अग्निबाणांच्या द्रव इंधन इंजिनांत ऑक्सिडीकारक म्हणून लागते. रसायनीतली 442 एकर जमीन भारत पेट्रोलियमला 618.80 कोटी रुपयांना विकायची आणि आलेल्या पैशातून कंपनीची देणी भागवायची. अतिरिक्त ठरलेल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती. चालू राहणार होते ते केरळातले कोचीचे युनिट.

म्हणजे ‘पुनर्रचना’ हा शब्द कोचीत बसून वाचला तर खरा होता. कंपनी वाचली, कोची वाचली. रसायनीत बसून त्याचे प्रामाणिक मराठी एकच होते: “रसायनीतला एचओसीचा कारखाना बंद होणार, जमीन भारत पेट्रोलियमला विकणार”. मथळ्याचे भाषांतर करताना तो कोणत्या जागेवरून वाचला जाणार आहे हे विचारावे लागते, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. शब्दकोश ‘रिस्ट्रक्चरिंग’ समोर ‘पुनर्रचना’ हेच देईल आणि त्याची चूकही नाही. पण शब्दकोश मोहोपाड्यात राहत नाही.

आपल्यासाठी यात आणखी एक दडलेली गोष्ट होती, जी कोणत्याच मथळ्यात मावली नसती. एचओसी सार्वजनिक उपक्रम होता. तिथल्या भरतीला आरक्षण लागू होते, बिंदूनामावली होती, अनुशेषाचा हिशेब मागता येत होता. आज औद्योगिक वसाहतीतल्या खासगी कारखान्यात ठेकेदारामार्फत लागणाऱ्या पोराला यातले काहीही मागता येत नाही. तेव्हा सरकारी कंपनीबद्दल ‘रीव्हॅम्प’, ‘डिसइन्व्हेस्टमेंट’, ‘स्ट्रॅटेजिक सेल’, ‘मॉनेटायझेशन’ असे शब्द मथळ्यात दिसले की भाषांतर करणाऱ्याने शब्दाचा अर्थ न शोधता तीन प्रश्न शोधावेत: कारखाना चालू राहणार का, मालक कोण होणार, आणि जुन्या जागांची पुढची भरती कोणत्या नियमाने. उत्तर बातमीच्या चौथ्या-पाचव्या परिच्छेदात किंवा मूळ प्रसिद्धीपत्रकात सापडते. फोटोत कधीच नाही.

इंग्रजीवरच सगळा दोष टाकणे सोपे आहे, पण मराठी मथळा काही कमी झाकत नाही. इंग्रजी मथळा क्रियापद गाळतो, मराठी मथळा कर्ता गाळतो. “दलित तरुणाला मारहाण”. कोणी केली? “महिलेवर अत्याचार”. कोणाकडून? मराठीत मारहाण, अत्याचार, हत्या, विटंबना ही नामे इतकी सोयीची आहेत की कर्त्याशिवाय वाक्य पुरे वाटते. आणि कर्ता आलाच तर “जुन्या वादातून”, “किरकोळ कारणावरून”, “दोन गटांत” असा येतो. दोन गटांत हाणामारी म्हटले की एका बाजूचे लाठ्या घेऊन आलेले चाळीस आणि दुसऱ्या बाजूचे घरात जेवत बसलेले चार, हे दोन्ही ‘गट’ होतात.

रायगड जिल्ह्यात याचा सगळ्यात परिचित नमुना म्हणजे “कुटुंब वाळीत”. दोन शब्द. ‘टाकले’ हे क्रियापदही नाही. जणू भात वाळावा तसे कुटुंब आपोआप वाळीत पडले. बातमी उघडली तर बहुतेक वेळा पुढचे वाक्य असते “गावाने वाळीत टाकले”. आता असे कात्रण निवेदनाला जोडायचे म्हणून, किंवा दिल्लीतल्या आयोगाकडे इंग्रजीत तक्रार पाठवायची म्हणून कोणीतरी त्याचे भाषांतर करते: “फॅमिली बॉयकॉटेड बाय व्हिलेज”. शब्दशः बरोबर. कामाच्या दृष्टीने निरुपयोगी. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2016 चा आहे आणि 2017 पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण शिक्षा गावाला होत नाही, माणसांना होते. बैठक कोणी बोलावली, ठराव कोणी मांडला, पाणी भरू देऊ नका असे कोणी सांगितले, दंडाची रक्कम कोणी मागितली, हे लिहिल्याशिवाय ‘गाव’ या शब्दाआड सगळे सुटतात. आणि बहिष्कृत कुटुंब अनुसूचित जातीचे असेल व करणारे नसतील, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमेही लागतात. पण दोन्ही बाजूंची जात कात्रणात नसेल तर भाषांतरातही येत नाही, आणि वाचणारा अधिकारी ते प्रकरण भावकीचा तंटा म्हणून बाजूला ठेवतो.

म्हणून कात्रणाचे भाषांतर आम्ही दोन भागांत करतो. वर मथळा, जसा आहे तसा, एकही शब्द न वाढवता, कारण वर्तमानपत्राने काय छापले याचा तो पुरावा आहे. त्याखाली वेगळा परिच्छेद, ज्यात गाळलेला कर्ता, तारीख, ठिकाण, कृती भरलेली असते. हे भरताना मनातले काही घालायचे नाही, प्रथम खबर अहवालातून किंवा पीडित कुटुंबाच्या लेखी जबाबातून घ्यायचे आणि कुठून घेतले ते लिहायचे. मथळ्यातच कर्ता घुसडून त्याला भाषांतर म्हटले, तर समोरचा वकील मूळ कात्रण काढून दाखवतो आणि आपला सगळा कागद संशयात येतो. झाकलेले उघड करायचे, पण कोणी झाकले आणि कोणी उघडले हेही दिसत राहिले पाहिजे.

केसरीने मूकनायकची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता, ही 1920 सालची गोष्ट आपण भाषणांत सांगतो. बाबासाहेबांनी त्यावर केलेला उपाय स्वतःचे पत्र चालवण्याचा होता, आणि महाडनंतर 3 एप्रिल 1927 रोजी बहिष्कृत भारत निघाले ते याच आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या घटनेचा अर्थ दुसऱ्याच्या मथळ्यावर सोडायचा नाही म्हणून, असे आम्ही मानतो. आज आपल्यातला प्रत्येकजण खिशात छापखाना घेऊन फिरतो आणि त्यातून दुसऱ्याच्याच मथळ्याचे फोटो पुढे ढकलतो.

1 ऑगस्टच्या त्या पहिल्या ओळीकडे परत जाऊ, कारण तिचे मराठी अजून द्यायचे राहिले आहे. मूळ ओळ आठ शब्दांची. आम्ही तिच्याखाली हे लिहिले:

“सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी सहा न्यायमूर्तींनी असे ठरवले आहे की, राज्य सरकारने अनुसूचित जातींच्या आरक्षणात त्यांतल्या अधिक मागे राहिलेल्या जातींसाठी वेगळा वाटा ठेवला तर ते घटनेच्या विरोधात नाही. असा वाटा ठेवलाच पाहिजे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ठेवायचा तर राज्याला आकडेवारी द्यावी लागेल आणि ती न्यायालयात तपासली जाईल. महाराष्ट्रात आजच्या घडीला काहीही बदललेले नाही. चार न्यायमूर्तींनी क्रीमी लेअरबद्दल मत दिले आहे, तो आदेश नाही.”

गटावर एका पोराने लगेच लिहिले, “एवढं मोठं? फोटोत तर एकच ओळ आहे.”

त्याला आम्ही निकालाची लिंक पाठवली आणि लिहिले की 565 पाने आहेत, आम्ही पाच वाक्यांत बसवले. त्याने बेला त्रिवेदी यांचे मत कोणत्या पानापासून सुरू होते ते विचारले.